पंतप्रधानाला एकोणीस, पूरक प्रश्नाला अकरा

«मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात ४८ मुलं आहेत. ‘भारताची संसद’ हा पाठ झाल्यावर अभिरूप संसद घेतली आणि तिला २० गुण ठेवले. बोलणं, तयारी आणि गटकार्य बघायचं ठरवलं होतं. पंतप्रधान झालेल्या मुलाला १९ पडले, कारण तो खरंच छान बोलला. विरोधी बाकावरच्या एका मुलीने तिच्या गटाचे बहुतेक प्रश्न लिहून दिले होते, पण ती एकदाच उठली, हळू बोलली आणि मध्येच अहिराणीत गेली. तिला ११. तिच्या वडिलांनी शाळेत येऊन ‘गुण कशाचे दिले’ असं विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यांना १५ देऊन टाका, वाद नको. आकारिकच्या नोंदी अजून भरायच्या आहेत. पक्षपात होऊ न देता या तीन गोष्टींचं गुणांकन करायचं कसं?»

बाई, मी आधी एक हिशोब विचारते. त्या दिवशी पंतप्रधान किती मिनिटं उभा होता आणि ती मुलगी किती? माझा अंदाज आहे की तो पाच-सहा मिनिटं बोलला असेल आणि तिच्या वाट्याला वीस सेकंद आले असतील. सहा मिनिटांत दहा गोष्टी दाखवता येतात. वीस सेकंदांत आवाज कापतो की नाही एवढंच दिसतं. तुम्ही रुब्रिक कितीही काटेकोर केली असती तरी गुण असेच पडले असते, कारण भूमिका वाटल्या तेव्हाच ते निम्मे ठरून गेले होते. तुम्ही पक्षपात केला असं मला वाटत नाही. एका शिक्षिकेने ७० मिनिटांत ४८ जणांचं बोलणं, तयारी आणि गटकार्य एकाच वेळी टिपायचं, हे दोन डोळ्यांचं कामच नाही. अशा वेळी माणूस जे मोठ्याने ऐकू येतं त्यालाच गुण देतो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं.

मुख्याध्यापकांच्या तोडग्याचं आधी बघू. सगळ्यांना १५ दिले तर त्या मुलीचे चार वाढतील आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचेही वाढतील. वडिलांचा प्रश्न मात्र तसाच राहील, उलट आता ४८ पालकांना तो विचारता येईल. दुसरा उपाय बऱ्याच शाळा करतात, तो म्हणजे बाहेरचे परीक्षक बोलावणं. संसदीय कार्य मंत्रालयाच्या युवा संसद स्पर्धेत परीक्षक बसतात आणि तिथली गुणपत्रिका बघून आपणही तशीच करावी असं वाटतं. पण तिथे गुण मुख्यतः शाळेच्या संघाला मिळतात. आपल्याला प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद हवी आहे. शिवाय आठवडाभर कोणी काय तयारी केली हे पाहुण्यांना कुठून कळणार? संघासाठीची पट्टी एकेका मुलाला लावली की पंतप्रधान झालेलाच पुढे जातो.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की सबंध संसदेला गुण देऊच नका. एकच तुकडा निवडा, ज्यात प्रत्येकाला सारख्या लांबीची पाळी येते. असा तुकडा संसदेच्या कामकाजात तयार आहे: प्रश्नोत्तराचा तास. विधेयक, घोषणा, सभात्याग हे सगळं २६ नोव्हेंबरला संविधान दिनाच्या कार्यक्रमात जरूर करा, मुलांना त्यातच जास्त मजा येते. फक्त त्याला गुण ठेवू नका.

प्रश्नोत्तराचा तास का, ते सांगते. लोकसभेत सदस्य आधी लेखी नोटीस देऊन प्रश्न विचारतात, साधारण १५ दिवस आधी. प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात टोमणा, आरोप, तर्कवितर्क चालत नाहीत, नुसतं मत विचारलेलंही चालत नाही. कोणता प्रश्न आधी यायचा ते बॅलटने, म्हणजे सोडतीने, ठरतं. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात देतात, बऱ्याचदा ‘निवेदन पटलावर ठेवले आहे’ एवढंच म्हणतात आणि मग खरी गंमत सुरू होते, ती पूरक प्रश्नांची. पूरक प्रश्नाचा कागद मंत्र्यांच्या हातात आधी नसतो. म्हणजे आपल्याला वेगवेगळ्या मोजायच्या दोन गोष्टी संसदेनेच वेगळ्या करून ठेवल्या आहेत. मूळ प्रश्न आणि लेखी उत्तर ही तयारी, तर पूरक प्रश्न आणि त्याचं उत्तर म्हणजे बोलणं. आपण त्या दोन्ही एकाच भाषणात कोंबतो आणि मग पाठांतराला बोलण्याचे गुण देऊन बसतो.

तुमच्या ४८ मुलांचं गणित असं बसतं. सहा-सहांचे आठ गट करा. प्रत्येक गटात तिघं सरकारी बाकावर, एक मंत्री आणि दोन राज्यमंत्री, आणि तिघं प्रश्न विचारणारे. कोण कुठल्या बाकावर ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रश्न विचारणारे तिघं मिळून एक मूळ प्रश्न आठवडाभर आधी देतील. सरकारी बाकावरचे तिघं त्याचं लेखी उत्तर तयार करून आदल्या दिवशी वर्गाच्या फळ्याशेजारी लावतील. प्रत्यक्ष तासाला तीन पूरक प्रश्न आणि तीन उत्तरं, प्रत्येकाला ४० सेकंद. म्हणजे गटाला चार मिनिटं, उठबस धरून पाच. एका तासिकेत चार गट, दोन तासिकांत आठ. ३५ मिनिटांच्या तासिकेत पंधरा मिनिटं हाताशी उरतात, ती लागतातच, कारण कुणाचं तरी पान हरवतं.

अध्यक्ष कोण, हा प्रश्न नेहमी अडतो. सगळा वेळ एकच मूल अध्यक्षाच्या खुर्चीत बसलं तर त्याचं मूल्यमापन कशावर करणार? लोकसभेत अध्यक्षांच्या अनुपस्थितीत कामकाज चालवायला तालिका अध्यक्षांची नावं आधीच ठरलेली असतात. तीच पद्धत घ्या. प्रत्येक गटाच्या वेळी दुसऱ्या गटातलं एक मूल तालिका अध्यक्ष होऊन खुर्चीत बसेल, नाव पुकारेल आणि ४० सेकंदांनी घंटा वाजवेल. त्याला त्याचे गुण नाहीत. ज्याला बसायची हौस आहे त्याला बसू द्या.

आता गुण. तयारीला ८, बोलण्याला ६, गटकार्याला ६. तयारीला जास्त, कारण तिचा कागद हातात राहतो आणि घरी बसून शांतपणे तपासता येतो. तुमच्या उपक्रमाच्या रकान्यात १० च गुण असतील तर शेवटी निम्मे करा.

तयारीसाठी प्रत्येक मुलाकडून, गटाकडून नव्हे, अर्ध्या पानाची चिठ्ठी आदल्या दिवशी घ्या. तिच्यात तीनच गोष्टी: माझा मुद्दा काय, तो मला कुठून कळला, आणि समोरची बाजू काय म्हणेल व त्यावर माझं उत्तर काय. पहिल्या दोन मिळून ४ गुण, तिसरीला ४. चिठ्ठीवर नाव न लिहिता हजेरी क्रमांक लिहायला सांगा आणि सभागृह भरण्याआधीच गुण देऊन टाका. हा क्रम मोडू नका. मुलाचं खणखणीत भाषण ऐकल्यावर त्याची चिठ्ठी वाचली की ती आहे त्यापेक्षा चांगली वाटते. मला वाटायची.

चिठ्ठ्यांत एक चूक हमखास दिसेल, ती आधी ओळखून ठेवा. ‘आमच्या गावाला एसटी वेळेवर का येत नाही?’ असा प्रश्न मुलं केंद्रीय मंत्र्यांना विचारतात. एसटीचा कारभार राज्याच्या परिवहन महामंडळाकडे आहे, त्याचा जाब विधानसभेत मागायचा. रेल्वे, टपाल, दूरसंचार हे केंद्राचे विषय. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलं, म्हणून त्यावर दोन्हीकडे प्रश्न चालतो. नोटीस आली की त्याच दिवशी असा प्रश्न परत करा आणि ‘हा कुणाच्या अखत्यारीत येतो ते शोधून पुन्हा लिहा’ म्हणा. खऱ्या संसदेतही प्रश्न दाखल करून घ्यायचा की नाही ते आधी ठरतं. दुसऱ्यांदा बरोबर लिहिलं तर गुण कापू नका. पाठातली जी गोष्ट मुलं विसरतात, ती या एका परत आलेल्या कागदाने पक्की होते.

बोलण्याचे ६ गुण दोन भागांत. ऐकू येईल आणि कळेल असं बोलण्याला ३, समोरच्याच्या बोलण्याला धरून बोलण्याला ३. पहिल्या भागात मी मुद्दाम ‘प्रमाण भाषा’, ‘शुद्ध उच्चार’, ‘वक्तृत्व’ हे शब्द घेतलेले नाहीत. तुमच्या त्या मुलीचं अहिराणीत जाणं ही चूक आहे, हे कुठे ठरलं? राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० मध्ये संसदेचं कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल असं म्हटलं आहे आणि लगेच पुढे असंही की ज्या सदस्याला या भाषांत आपलं म्हणणं नीट मांडता येत नसेल त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. खऱ्या संसदेत जी मुभा आहे ती आपल्या अभिरूप संसदेत का नसावी? वर्गाला कळलं की झालं. उलट हा अनुच्छेद त्या दिवशी फळ्यावर लिहा. अहिराणीत पूरक प्रश्न आला तर तालिका अध्यक्षाने ‘परवानगी आहे’ म्हणायचं. मुलं हसतील, पण लक्षात ठेवतील.

दुसऱ्या भागाच्या पायऱ्या शब्दांत लिहायला हव्यात आणि तिथे आपल्या रुब्रिका फसतात. ‘उत्तम, चांगले, बरे, सुधारणा आवश्यक’ अशा चार रकान्यांना मी रुब्रिक म्हणणार नाही. ते आपल्या मनातल्या गुणांना दिलेलं दुसरं नाव झालं. पायरीत दिसणारी किंवा ऐकू येणारी गोष्ट हवी. माझ्या पायऱ्या अशा. समोरच्या उत्तरातला एखादा शब्द, आकडा किंवा सुटलेली गोष्ट पकडून त्यावर विचारलं किंवा बोललं, तर ३. विषय तोच, पण घरून लिहून आणलेलंच बोललं, समोर काय झालं त्याच्याशी संबंध नाही, तर २. घोषणा, टोमणा किंवा विषय सोडून काही, तर १. उठलंच नाही, तर ०. मंत्र्यांनाही हीच पट्टी, फक्त उलट बाजूने: विचारलं त्याचंच उत्तर दिलं का?

मंत्री झालेल्या मुलाला उत्तर येत नसेल तर? वर्गात मुलं अशा वेळी थापा मारतात आणि टाळ्याही मिळवतात. संसदेत मंत्री ‘माहिती घेऊन सदस्यांना कळवतो’ असं म्हणतात आणि असं दिलेलं आश्वासन पुढे पाळलं की नाही ते बघायला शासकीय आश्वासनांची एक समिती असते. आपल्या वर्गात तुम्हीच ती समिती. ज्याने थाप न मारता ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हटलं त्याला त्या वेळी २ द्या आणि आठवड्याभरात खरोखर माहिती आणली की ३ करा. माझ्याकडे एका वर्षी असा एक राज्यमंत्री टपाल कार्यालयात जाऊन बचत खात्याचा व्याजदर लिहून घेऊन आला होता. त्याला तो कागद वर्गात वाचून दाखवायचा होता, गुणांचं त्याला फारसं पडलेलं नव्हतं.

हे सगळं एका गटावर लावून बघू. विषय दप्तराचं वजन घेऊ. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. मूळ प्रश्न असा: ‘या मर्यादेची अंमलबजावणी तपासण्यासाठी शासनाने काय केले आहे?’ सरकारी बाकाने लेखी उत्तरात लावलं की शाळांनी वजनकाटा ठेवावा, असं धोरणात सांगितलं आहे. आता समजा तुमचा तो पंतप्रधान झालेला मुलगा आणि ती मुलगी दोघंही चिठ्ठीने विरोधी बाकावर आले. मुलगा उठतो आणि खणखणीत आवाजात म्हणतो, ‘अध्यक्ष महोदय, हे सरकार झोपलं आहे काय? मुलांच्या पाठी वाकल्या, सरकार जागं कधी होणार?’ टाळ्या. ऐकू येण्याचे ३, धरून बोलण्याचा १, कारण उत्तरातल्या काट्याला त्याने हातच लावला नाही. मुलगी उठते. आवाज बारीक, पहिल्या वाक्यात अडखळते. पण विचारते ते असं: ‘उत्तरात लिहिलंय की काटा ठेवावा. आम्ही आमच्याच वर्गातली दहा दप्तरं तोलली. सहा जास्त भरली. काट्यावर जास्त भरलं तर पुढे काय करायचं ते उत्तरात नाही.’ ऐकू येण्याचे २, धरून बोलण्याचे ३.

चिठ्ठ्या आधीच तपासून झाल्या आहेत. मुलाच्या चिठ्ठीत मुद्दा आणि त्याचा उगम होता, ३. सरकार काय म्हणेल याबद्दल एकच ओळ होती, २. मुलीच्या चिठ्ठीत दहा दप्तरांची यादी आणि वजनं होती, ४. समोरची बाजू ‘वह्या घरी ठेवा असं सांगितलंय’ म्हणेल असं लिहून त्यावर अर्धवट उत्तर होतं, ३. गटकार्यात दोघांनाही ४ धरू. मुलाची बेरीज ५ आणि ४ आणि ४, म्हणजे १३. मुलीची ७ आणि ५ आणि ४, म्हणजे १६. मुलगा काही कमी नाही. त्याच्या आवाजाचे पूर्ण गुण त्याला मिळालेच आहेत. पुढच्या वेळी काय करायचं तेही त्याला या आकड्यांतून दिसतं: फळ्याशेजारी लावलेलं उत्तर आधी वाचायचं.

एक सावधगिरी. हे वाचून शांत मुलांना दया म्हणून गुण देऊ नका. जी मुलगी उठलीच नाही तिला बोलण्याचे ० च. पण ती उठेल अशी सोय आधी करा. पाळी येण्याआधी तिला पूरक प्रश्नाचं पहिलं वाक्य शेजारणीपाशी एकदा म्हणू द्या. बोलताना फारच घाबरत असेल तर जागेवर बसून बोलू द्या. हे गुणांत काही बदलत नाही. ती किती उंच उभी राहते हे आपल्याला मोजायचंच नाही.

गटकार्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. गटाला मिळून एकच आकडा द्यायचा नाही. एक मुलगी सगळं लिहिते आणि दोघं तिच्या गुणांवर बसतात, हे तुम्ही बघितलंच आहे. पण मुलांना एकमेकांना गुणही देऊ देऊ नका. आठवीत ते गुण मैत्रीचे पडतात, आणि भांडणाचे तर नक्कीच. मुलांकडून आकडे न मागता घडलेली गोष्ट मागा. आदल्या दिवशी तिघांनी मिळून एका कागदावर लिहायचं की कोणी काय केलं: प्रश्न कोणी लिहिला, दप्तरं कोणी तोलली, शेवटचं अक्षर कोणाचं. तिघांच्या सह्या. ज्याच्या नावापुढे काम आहे आणि ते चिठ्ठीत किंवा सभागृहात दिसलं, त्याला ३ पैकी गुण. सभागृह संपल्यावर प्रत्येकाने एका ओळीत लिहायचं: ‘माझ्या साथीदाराची कोणती गोष्ट मी वापरली?’ ज्याचं नाव दुसऱ्यांच्या ओळीत ठोस कामासह आलं, त्याला उरलेल्या ३ पैकी. ‘तो खूप चांगला आहे’ या ओळीचे गुण नाहीत. ‘तिने तोललेल्या दप्तरांचे आकडे मी विचारले’ या ओळीचे आहेत. ही ओळ आली की तुमच्या त्या मुलीचं काम तिने न सांगता कागदावर येतं.

सरकारी बाकावर गटकार्य डोळ्यांनीही दिसतं. संसदेत अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून मंत्र्यांकडे चिठ्ठ्या येतात. राज्यमंत्र्याला आपल्या मंत्र्याला अशी चिठ्ठी द्यायची मोकळीक ठेवा आणि तासानंतर त्या चिठ्ठ्या गोळा करा. कुणी कुणाला सांभाळून घेतलं ते तिथे लिहिलेलं मिळतं. एकदा अशा चिठ्ठीवर फक्त ‘खोटं बोलू नको, बाई ओळखतील’ असं होतं. तिला मी २ दिले.

मुलं आजारी पडतात, आणि तुमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत काही जण चार-चार दिवस येत नाहीत. गैरहजेरीचे ० लावू नका. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन साथीदारांना समोर बसवून एक पूरक प्रश्न घ्या. ४० सेकंदांचाच प्रश्न आहे.

पट्टी चालते की नाही हे कसं कळेल? पहिल्या गटाच्या वेळी शेजारच्या वर्गावरच्या सरांना पाच मिनिटं बोलवा आणि दोघांनी स्वतंत्र गुण द्या. एखाद्या भागात दोघांत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर चूक बहुधा दोघांपैकी कुणाचीच नसते, त्या पायरीची भाषा मोघम असते. ती तिथेच दुरुस्त करा. कोणी मोकळं नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि संध्याकाळी पहिल्या चार मुलांचं पुन्हा ऐकून नव्याने गुण द्या. सकाळचे गुण झाकून ठेवा. सुरुवातीच्या मुलांना आपण कडक तपासतो आणि शेवटच्यांना दमून सैल सोडतो, हे मला अशा एका रेकॉर्डिंगने दाखवलं. तेव्हापासून मी प्रश्नांचा क्रमही बॅलटनेच लावते.

मुलांनाही पट्टी आधी दाखवा, नोटीस मागवता त्याच दिवशी. नुसती वाचून दाखवली तर ती त्यांच्या डोक्यात शिरत नाही. संसद टीव्हीवरचा प्रश्नोत्तराच्या तासाचा दहा मिनिटांचा तुकडा दाखवा आणि प्रत्येक पूरक प्रश्नाला ०, १, २, ३ काय द्याल ते विचारा. मुलं खासदारांना फार कंजूषपणे गुण देतात. पण त्या दहा मिनिटांत २ आणि ३ यातला फरक त्यांना जेवढा कळतो, तेवढा माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने कधी कळला नाही.

आता झालेल्या गुणांचं काय? आठवणीवरून १९ चे १५ आणि ११ चे १६ करू नका. ते पहिल्यापेक्षाही कमजोर ठरेल, कारण त्याला कागदच नाही. नोंदी भरायला अवधी आहे, तर दोन तासिका काढून एक प्रश्नोत्तराचा तास घ्या आणि तेच गुण भरा. आधीची संसद सराव म्हणून धरा आणि तसं वर्गात सगळ्यांसमोर सांगा. पंतप्रधान झालेला मुलगा नाराज होईल. त्याला वेगळं बोलावून सांगा की बोलण्याचे गुण आताही आहेत, फक्त सगळ्यांना तेवढाच वेळ मिळणार आहे. मुख्याध्यापकांना सांगताना तत्त्वाचं काही बोलू नका, एवढंच म्हणा की पुढचा पालक आला तर दाखवायला कागद असेल. त्यांना वाद नको आहे आणि हे त्यांच्याच सोयीचं आहे.

वर्णनात्मक नोंदीत ‘अभिरूप संसदेत उत्साहाने भाग घेते’ असं लिहू नका, ते ४८ जणांना लागू होतं. त्या मुलीच्या नोंदीत तिने विचारलेला प्रश्न एका ओळीत लिहा. तिचे वडील पुन्हा आले, तर आधी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवा, मग सह्यांचा कागद, मग साथीदारांच्या ओळी, आणि गुण सगळ्यात शेवटी दाखवा.